४५ पैशांचा रेल्वे विमा आणि नॉमिनी

>> "४५ पैशात कोण काय देणार, नुसता टिक करायचा म्हणून करायचा"

ऑनलाइन रेल्वे तिकीट काढताना टिक करून जो प्रवास विमा घेता येतो, त्याबद्दल धाग्यात हे लिहिलंय. इथे असहमत, विम्याचे पैसे देतात, आणि रक्कम बरीच आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. शिवाय फक्त गाडी घसरली तरच असं नाही, चालत्या गाडीतून चुकून पडणं, दरोडा, हल्ला हेही त्यात येतं. सामान चोरीला गेलं तर मात्र काही नाही, आणि तिकीट वेटिंगवरच राहिलं तरी नाही.

धाग्यात कोणी लिहिलं नाही ते म्हणजे नॉमिनी. बुकिंग झालं की विमा कंपनीचा मेसेज आणि ईमेल येतो, त्यातल्या लिंकवर जाऊन प्रत्येकाचा नॉमिनी भरायचा असतो, आणि बहुतेक लोक तो मेसेज जाहिरात समजून उडवतात. नाव नसेल तर पैसे बुडत नाहीत, पण कायदेशीर वारस सिद्ध करावे लागतात आणि ऐन दुःखात घरच्यांना त्या कागदांसाठी फिरावं लागतं, ते फार वाईट.

समजा कोणी दारातून पडून पाय मोडला आणि बिल दीड लाख झालं. क्लेम रेल्वेकडे नाही, थेट त्या विमा कंपनीकडे, ४ महिन्यांच्या आत. बिलं, डिस्चार्ज पेपर तर हवेतच पण घटना घडल्याचा रेल्वेचा रिपोर्टही लागतो, म्हणून रेल्वे पोलिसांकडे नोंद लगेच करून घ्या. रेल्वेची नुकसानभरपाई वेगळी, ती क्लेम्स ट्रिब्युनलकडे मागायची, विम्यामुळे ती जात नाही.