अनुभव धागा: मेलच्या ओळींमध्येच उत्तर देता, तर कुणाचं कोणतं हे कसं दाखवता?

संत्र्याच्या खरेदीदाराच्या एकाच मेलमध्ये पाच प्रश्न असतात. खाली "हो, चालेल, दोनशे" लिहिलं तर त्याला काय कळणार? आपापली पद्धत लिहा जी.

गट सचिव, वरूड
प्रश्नाखाली लगेच उत्तर, मग एक मोकळी ओळ. मोकळी ओळ प्रश्न आणि उत्तराच्या मधात गेली की उत्तर पुढच्या प्रश्नाचं वाटतं. खाली चिन्हाची ओळ खरेदीदाराची, बिनचिन्हाची आपली.

```
> आंबिया बहाराचा माल कधीपासून?
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

> क्रेट तुमचे की आमचे?
तुमचे. रिकामे आदल्या दिवशी पोचवा.
```

बाकीचं उडवा, सहीसुद्धा. पण राहिलेल्या ओळीतला शब्द बदलू नका. खरी गोची अर्ध्या ओळीत एंटर मारल्यावर होते. साध्या टेक्स्टमध्ये उरलेल्या तुकड्याला बहुतेकदा `>` राहत नाही:

```
> गाडीभाडं
तुमच्याकडे राहील.
```

हे वाक्य खरेदीदाराचं होतं, आता आपलं झालं. भाडं कुणाकडे ते उलटलं! म्हणून ओळीच्या शेवटी जाऊनच एंटर मारायचं.

संगणकवाला, आर्वी
जीमेलमध्ये आधी तीन टिंबांवर दाबून जुना मजकूर उघडा. एंटर मारूनही आपण त्याच चौकटीत असतो, तेव्हा `Indent less` दाबायचं. डावीकडची उभी रेघ आपल्या ओळीपाशी तुटली म्हणजे बाहेर आलो.

कापूसवाला
एवढं काऊन? आपलं उत्तर लाल करा, झालं.

झेरॉक्स सेंटर, राळेगाव
भाऊ, प्रिंट काळीपांढरी निघते, मग लाल आणि काळं सारखंच. साध्या टेक्स्टमध्ये तर रंग जातच नाही. आउटलूकमध्ये `Pick a new color when replying or forwarding` आहे, त्याच्याच जोडीला `Preface comments with` मध्ये नाव टाका. रंग गेला तरी नाव राहते.

गट सचिव, वरूड
हे दोन रंग वेगळे आहेत. आपण लावलेला रंग मेलसोबत जातो. थंडरबर्डमध्ये अवतरणाचा रंग मात्र वाचणाऱ्याकडे ठरतो. किती `>` आहेत ते मोजून प्रत्येक पातळीला तो वेगळा रंग देतो. म्हणून `>` हातानं पुसू नका, नाहीतर दुसऱ्याचं वाक्य आपल्या रंगात दिसेल.

शेतकरी, मोर्शी
मी व्हॉट्सअ‍ॅपवर ओळीच्या आधी `>` आणि एक जागा टाकतो. तेच ना?

संगणकवाला, आर्वी
दिसायला तसंच, पण ती ओळ तुम्ही स्वतः कॉपी करून टाकता. मूळ संदेशाशी तिचा संबंध नसतो. आणि रिप्लाय दाबला तर अख्खा संदेश जोडला जातो, त्यातली एक ओळ निवडता येत नाही.

झेरॉक्स सेंटर, राळेगाव
आणि तिसरा माणूस मधात घुसला की? `>>>` पर्यंत गेलेलं आमच्याकडे कुणी वाचत नाही. तिथं जुनं उडवायचं की नवा मेल काढायचा?

गट सचिव, वरूड
मी दोन पातळ्या ठेवतो. पण मग भाव कुणी कबूल केला, त्याचा पुरावाच उडतो बाप्पा.