सल्ला हवा: स्पिन-अर्ध्याचं गणित सुटतंय, पण मोजल्यावर काय होतं ते कळत नाही

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. शेवटचं वर्ष, क्वांटमचा पहिलाच पेपर. बॉक्समधल्या कणापर्यंत बरं चाललं होतं, स्पिनला येऊन अडकलो. पाउली मॅट्रिक्स पाठ आहेत, कम्युटेटर काढता येतात. पण हे बघा. Sx ला |+⟩ वर चालवलं की (ħ/2)|−⟩ येतं. म्हणजे z दिशेला 'वर' असलेल्या अणूचा Sx मोजला की तो 'खाली' जाणार, असं मी धरलं. उत्तरांत मात्र लिहिलंय की Sx मोजून पुन्हा Sz मोजला तर वर-खाली निम्मे-निम्मे येतात. हे कसं काय? आणि हा भाग कुठल्या क्रमानं करू, कुठली उदाहरणं सोडवू? काहीही सुचवा.

बिंदूचौक
NET-SET ची तयारी का? मग थिअरीत अडकू नका, मागच्या पेपरांतले स्पिनचे प्रश्न काढा. राजारामपुरीत क्लासची चौकशी करा, बॅचा चालू असतात.

शाहूपुरीकर
NET नाही हो दादा, बी.एस्सी.चीच परीक्षा आहे.

कळंबेकर
मी NMR वर काम करतो. प्रोटॉनपण स्पिन-अर्धाच. x अक्षावर 180 अंशांचा पल्स दिला की z कडचं मॅग्नेटायझेशन सरळ उलटं होतं, रोज बघतो. त्यामुळे भावा, तुझं बरोबर आहे, Sx नं |+⟩ चं |−⟩ होतंच. उत्तरातच छपाईची चूक असणार.

जुना_मास्तर
उत्तर बरोबर आहे. मोजणं आणि मॅट्रिक्सनं गुणणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्या वर्षी निम्मा वर्ग इथंच घसरतो.

मोजणीच्या वेळी Sx कडून दोनच गोष्टी घ्यायच्या: कोणती उत्तरं येऊ शकतात, आणि ते उत्तर आल्यावर अणू कुठल्या स्टेटमध्ये सापडतो. उत्तरं +ħ/2 आणि −ħ/2. स्टेट अनुक्रमे (|+⟩+|−⟩)/√2 आणि (|+⟩−|−⟩)/√2. तुझा अणू |+⟩ मध्ये आहे. त्याचं यातल्या कुठल्याही स्टेटशी इनर प्रॉडक्ट 1/√2, त्याचा वर्ग 1/2. म्हणून Sx चं उत्तर निम्मे-निम्मे. समज +ħ/2 आलं, तर अणू आता (|+⟩+|−⟩)/√2 मध्ये आहे, आणि तो आधी 'वर' होता याची खूण त्याच्यात उरलेली नाही. आता Sz मोजला की परत निम्मे-निम्मे. या सगळ्यात Sx नं कुठं गुणलं का आपण? नाही. गुणायचं ते सरासरी काढताना, ⟨ψ|Sx|ψ⟩ मध्ये. |+⟩ साठी ती शून्य येते, पण एकही अणू शून्य हे उत्तर देत नाही.

कळंबेकर, तुमचा पल्स खराच आहे, फक्त ती मोजणी नाही. पल्समध्ये स्पिन x अक्षाभोवती फिरतो आणि बरोबर अर्धा फेरा झाला की exp(−iπSx/ħ) = −iσx होतं. म्हणून गुणाकार केल्यासारखं दिसतं. पण तिथं कुठलं उत्तर हाती आलं नाही, आणि आणखी अर्धा फेरा दिलात की |+⟩ परत मिळतो, चिन्हापुरता फरक सोडून. स्टर्न आणि गेर्लाख यांनी 1922 मध्ये फ्रँकफर्टला चांदीच्या अणूंचा किरण सोडला, तेव्हा त्यांच्या चुंबकाचं क्षेत्र जागेनुसार बदलणारं होतं. म्हणून किरणाचे दोन भाग झाले आणि काचेवर दोन वेगळे ठसे उमटले. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना मांडली गेली 1925 मध्ये, तोवर त्या दोन ठशांचा अर्थ वेगळाच लावला जात होता.

प्रश्न वाचताना एवढं बघ: 'अमुक उत्तर आलं' असं असेल तर त्या उत्तराच्या स्टेटवर जा, 'क्षेत्रात इतका वेळ ठेवला' असं असेल तर स्टेट फिरव.

तांबडापांढरा
एवढं कशाला, एका ओळीत सांगतो. कम्यूट होत नाहीत म्हणजे दोघांची सामाईक आयगेनस्टेट कधीच नसते. बाकी सगळं यातून येतं.

जुना_मास्तर
स्पिन-अर्ध्याला बरोबर, 'कधीच' मात्र चूक. हायड्रोजनच्या 1s स्टेटमध्ये Lx, Ly, Lz तिन्ही शून्य, तिन्ही एकदम ठरलेले, आणि तरी ते कम्यूट होत नाहीतच. स्पिन-अर्ध्याला असं का जमत नाही ते बघ. Sx आणि Sy ची सामाईक स्टेट असती, तर [Sx,Sy] नं तिच्यावर शून्य दिलं असतं. पण तो कम्युटेटर म्हणजे iħSz, म्हणजे Sz चं उत्तर शून्य यायला हवं. Sz कडं +ħ/2 आणि −ħ/2 सोडून तिसरं उत्तरच नाही. संपलं.

शाहूपुरीकर, तुला आता एकच उदाहरण देतो. स्टेट घे (3|+⟩ + 4i|−⟩)/5. तिन्ही दिशांच्या मोजणीच्या शक्यता आणि सरासऱ्या काढ. पुस्तक कुठलंही चालेल, पण पहिल्यांदा स्टर्न-गेर्लाख, मग x आणि y च्या आयगेनस्टेट हातानं, आणि कम्युटेटर सर्वांत शेवटी.

शाहूपुरीकर
केलं सर. Sz: वर 9/25, खाली 16/25. Sx: (3+4i)/(5√2) चा वर्ग, म्हणजे 1/2. Sy: + साठी 1/50, − साठी 49/50. सरासऱ्या ħ/2 च्या पटीत −7/25, 0 आणि −24/25. वर्गांची बेरीज 49/625 + 0 + 576/625 = 1. मित्र म्हणाला अशा शुद्ध स्टेटला ती 1 यायलाच हवी, म्हणजे जमलं?

जुना_मास्तर
z आणि x छान. y उलटं झालंय, आणि तुझी पडताळणी ते पकडू शकत नाही, कारण वर्ग केला की चिन्ह जातं. y ची + स्टेट (|+⟩ + i|−⟩)/√2. तिचा ब्रा करताना i चा −i झाला पाहिजे, तो तू तसाच ठेवलास. म्हणून 3 + i·4i = −1 आलं. खरं आहे 3 + (−i)(4i) = 7. वर्ग 49/50, सरासरी +24/25.

हे गणिताआधीच डोळ्यांनी ओळखता येतं. तुझ्या स्टेटमध्ये 3 आणि 4i, y च्या + स्टेटमध्ये 1 आणि i. दोन्ही जवळजवळ सारख्याच, मग + ची शक्यता 1/50 कशी असेल?

शाहूपुरीकर
अरेच्चा. ब्राची ओळ वेगळी लिहून मगच गुणतो इथून पुढं.

कळंबेकर
मास्तर, पल्सचं पटलं. पण मग x च्या चुंबकातून निघालेले दोन किरण कुठं न अडवता, न बघता, नीट परत जुळवले तर?

जुना_मास्तर
फेज सांभाळून जुळवले तर |+⟩ परत मिळतो, आणि Sz मोजला की दर वेळी 'वर'. म्हणजे नुसते किरण फुटले म्हणून मोजणी झाली असं धरता येत नाही. काचेवर ठसा उमटला की झाली, यावर सगळे एकमत आहेत.

तांबडापांढरा
आणि मधे, अणू काचेला लागायच्या आत, कोणत्या क्षणी होते? आमच्या सरांच्या मते भोवतालच्या अणूंशी गुंतला की झाली.

जुना_मास्तर
गुंतल्यावर किरण परत जुळत नाहीत एवढं खरं. पण दोन उत्तरांतलं नेमकं एकच का दिसतं, ते तेवढ्यानं मला तरी सुटलेलं वाटत नाही. तुमच्या सरांना विचारा, शनिवारी मी खर्डेकर ग्रंथालयात असतो, तिथं भांडू.

शाहूपुरीकर
हे पेपरात येत नाही ना सर?