भाचीच्या उलट्या, दरवेळी पहाटेच (पुणे)

मीनल:
नमस्कार मंडळी, मेल जरा लांब आहे पण कोणाला माहीत असेल तर सांगा. माझी धाकटी बहीण पुण्यात कोथरूडला असते, तिची मुलगी सात वर्षांची. गेल्या दिवाळीपासून तिला उलट्यांचे चार अटॅक आले. पहिला दिवाळीत, मग जानेवारीत सर्दी झाली तेव्हा, मग एप्रिलमध्ये महाबळेश्वरहून घाट उतरून आल्यावर, आणि आता गणपती बसायच्या दिवशी. दरवेळी अ‍ॅडमिट, सलाईन, पोटाचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक, आणि दीड दिवसात पोरगी उठून वरणभात मागते. बाहेरचं खाणं बंद करून झालं, तरी होतंच. बहीण पार थकली आहे हो.

प्रकाश:
मीनल, पाणी बघा आधी. सोसायटीत टँकर येतो का? आणि शाळेत पोरं एकमेकांना इन्फेक्शन देतातच, वर्षात तीन-चारदा पोट बिघडणं काही नवल नाही. जिआर्डियासाठी स्टूल टेस्ट करा.

वसुधाकाकू:
मीनल, मी लहान मुलांची डॉक्टर होते, आता रिटायर आहे, त्यामुळे तपासल्याशिवाय नक्की काही सांगणार नाही. पण बहिणीला विचार: सुरू किती वाजता होतं? जुलाब, ताप? घरात आणखी कोणी आजारी पडलं का? ऐन जोरात तासाला किती उलट्या? रंग कसला? आणि घरात कोणाला अर्धशिशी?

मीनल:
काकू, विचारलं. चारही वेळा पहाटे चार-पाचच्या सुमारास. जुलाब एकदाही नाहीत, ताप फक्त जानेवारीत, तोही सर्दीचा. धाकट्या भावाला काहीच झालं नाही आणि तो तर तिच्याच ताटातलं खातो. पहिले काही तास दर दहा मिनिटांनी उलटी, चेहरा पांढराफटक, नुसती पडून राहते, लाइट लावू देत नाही. बहिणीला स्वतःला मायग्रेन आहे.

अनिकेत:
मलाही पित्ताचं असंच होतं, डोकं चढतं आणि उलटी झाली की मोकळं वाटतं. सकाळी आमसुलाचं सार घेतो. तिलाही देऊन बघा ना.

वसुधाकाकू:
अनिकेत, तुझं डोकं चढणं मायग्रेन असू शकतं, दाखवून घे, पण हिला उलटीनंतर मोकळं वाटत नाही, मळमळ तशीच राहते, त्यात आंबट सार नको.

मीनल, मला सायक्लिक व्हॉमिटिंगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा उलट्यांचे अटॅक आणणाऱ्या, मायग्रेनशी नातं असलेल्या आजाराचा दाट संशय येतो. प्रकाश म्हणतात तसं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होऊ शकतं, पण ते दरवेळी वेगळं वागतं, एकदा जुलाब जास्त, एकदा ताप, कधी संध्याकाळी सुरू, कधी चार दिवस रेंगाळतं, आणि बहुतेकदा घरात आणखी कोणाला तरी लागतं. इथे चारही अटॅक एकाच साच्यातले आहेत, वेळ तीच, मुदत तीच, आणि मधे पूर्ण बरी. अटॅक दीड दिवसात आपोआपच थांबतो, म्हणून अँटिबायोटिकने गुण आला असं वाटतं.

ट्रिगर पण बघ. सर्दी, घाटातला प्रवास, आणि सणाची एक्साइटमेंट. आनंदाची गोष्टसुद्धा अटॅक आणते हे पालकांना पटकन पटत नाही. त्यात आरास करत जागरण झालं असेल, जेवण हुकलं असेल. जास्त वेळ उपाशी राहणं हाही ट्रिगर आहे, म्हणून सणाच्या आदल्या रात्री वेळेवर जेवण आणि झोप, हे दोन तरी सांभाळा.

पण शिक्का मारायच्या आधी बाकीच्या गोष्टी वगळायला हव्यात. उलटी हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडलाय का ते तातडीने बघावं लागतं, घरी थांबायचं नाही. खूप उलट्यांनंतर पित्त पडू शकतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. एकदा पोटाची आणि किडनीची सोनोग्राफी करा. पहाटे उलटीबरोबर डोकं दुखत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर मेंदूचाही विचार करावा लागतो.

आणि पुढचा अटॅक आला तर ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी रक्त घ्यायला सांगा, शुगर, सोडियम-पोटॅशियम, अमोनिया, लॅक्टेट, शिवाय लघवीत कीटोन. काही मेटाबॉलिक आजार फक्त अटॅकमध्येच पकडता येतात, नंतर रिपोर्ट नॉर्मल येतात. हे आत्ताच कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा, पहाटे कोणाला आठवत नाही.

प्रकाश:
काकू, साच्याचा मुद्दा पटला. तरी स्टूल टेस्ट करायला काय हरकत आहे?

वसुधाकाकू:
काहीच नाही, एकदा करून टाका. फक्त त्यात काही सापडलं तरी पहाटे चारचं कोडं त्याने सुटेलच असं नाही.

मीनल:
चारही तारखा, वेळा आणि आदल्या दिवशी काय झालं ते बहिणीने लिहून काढलं. गणपतीच्या आदल्या रात्री आरतीची प्रॅक्टिस साडेअकरापर्यंत चालली होती आणि पोरगी नुसत्या चिवड्यावर झोपली. उलटी एकदा हिरवट होती म्हणते, नक्की आठवत नाही. उद्याच डॉक्टरांकडे जातेय, सोनोग्राफीचंही विचारेल. रोजचं प्रतिबंधक औषध असतं म्हणे, ते द्यायचं का?

वसुधाकाकू:
हिरवट होती हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा, सोनोग्राफी नॉर्मल आली तरी पीळ पूर्ण वगळला जात नाही, बेरियम देऊन एक्स-रे काढावा लागू शकतो. रोजच्या औषधाचं त्यानंतर. अटॅक काही महिन्यांच्या अंतराने येतात, त्यामुळे रोज गोळी द्यायची की सुरुवातीलाच उलटी थांबवणारी गोळी हाताशी ठेवायची, यावर डॉक्टरांची मतं वेगळी असतात. शाळा किती बुडते आणि दरवेळी अ‍ॅडमिट करावं लागतं का, ते बघून त्यांच्याशी बोलून ठरवा.