मदत हवी आहे: साधा लंबक, T²–L ग्राफवरून g फक्त ९.५९ येतोय

अकरावी_सायन्स: उद्या जर्नल द्यायचंय. L ४०, ६०, ८०, १०० सेमी घेतला, २० दोलनांना २५.९, ३१.५, ३६.३, ४०.५ सेकंद लागले. T–L ग्राफ वाकतो म्हणून T² काढून L समोर मांडला. बिंदू छान एका ओळीत आले, पण शून्यातून रेषा काढली की स्लोप ४.१२ आणि g = 4π²/स्लोप = ९.५९. मुंबईत ९.७८ च्या आसपास हवा ना?

दादरकर: गोळा फार लांब ओढून सोडला असशील. कोन मोठा झाला की दोलनकाळ वाढतो आणि g कमी येतो.

भौतिकीवाले_काका: L कुठून कुठपर्यंत मोजलास?

अकरावी_सायन्स: बुचापासून हुकपर्यंत दोरा. तोच L ना?

मीरा_बी: माझा g १०.८ आला होता! गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणायचे मी. म्हणजे वीस म्हणून प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं. तू शून्यापासून मोजतोस ना?

भौतिकीवाले_काका: मीराताई, तसं झालं तर g वाढतो, याचा कमी आलाय. दादरकर, कोनाचं खरं आहे, पण वीस अंशांनीसुद्धा g दीडेक टक्काच घसरतो. शिवाय प्रत्येक वेळी कोन तोच असेल तर रेषा चढी होते, शून्यातून मात्र सरकत नाही. इथे ती सरकली आहे.

बाळा, पट्टी शून्याला टेकवू नकोस, बिंदू सांगतील तिथूनच रेषा जाऊ दे. ४० सेमीला T² १.६७७ आणि १०० ला ४.१०१. फरक २.४२४, भागिले ०.६० मीटर, स्लोप ४.०४. g आला ९.७७. हीच रेषा मागे नेलीस तर T² च्या अक्षाला ०.०६ वर छेदते. त्याला ४.०४ ने भाग, दीड सेंटीमीटर येतात. एवढीच लांबी तू मोजली नाहीस: हुक आणि गोळ्याची त्रिज्या. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढीच सुटली, म्हणून रेषा सरकली, चढ तोच राहिला.

अकरावी_सायन्स: गोळ्याचा व्यास व्हर्निअरने २.० सेमी आलाय. मग हुक अर्धा सेमी? बरोबर वाटतंय. पण तक्त्यातला L बदलून पुन्हा लिहू का?

भौतिकीवाले_काका: मोजलेले आकडे खोडू नकोस. शेजारी ‘दुरुस्त L’ असा रकाना कर, ग्राफ त्याचा काढ.

दादरकर: आमच्या मॅडमना खाडाखोड आणि जादा रकाना दोन्ही चालत नसत. आधी विचारून घे. आणि गोळा दर वेळी तेवढाच बाजूला ओढत असशील तर छोट्या दोऱ्याला कोन मोठा होतो. मग त्या ०.०६ मधला थोडा वाटा त्याचाही असेल की, काका?

भौतिकीवाले_काका: असू शकतो. किती ओढला होतास रे?

अकरावी_सायन्स: मोजलं नाही. अंदाजे चार बोटं.