मदत हवी आहे: राजापूरजवळचं चार्जिंग स्टेशन खरंच चालू आहे का?

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री आईबाबांना घेऊन इलेक्ट्रिक गाडीने चिपळूणहून कणकवलीला जायचंय. राजापूरच्या अलीकडे हायवेवर नकाशात चार्जिंगचा पिन दिसतो, पण तिथले फोटो चौपदरीकरणाच्या आधीचे आहेत आणि फोन कोणी उचलत नाही. ॲपमध्ये ‘Available’ दिसतं, पण त्यावरून फक्त मशीन ऑनलाइन आणि मोकळं आहे एवढंच कळतं. गेटला कुलूप असलं तरी तेच दिसेल.

हल्ली तिथून कोणी गेलंय का? स्टेशन नव्या रस्त्यावर आहे की जुन्या? गोव्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की दुभाजकापलीकडे? सीसीएस-२ गनने कोणी प्रत्यक्ष चार्ज केलं असेल तर तारीख आणि वेळ नक्की सांगा. खात्री झाली नाही तर हातखंब्याच्या आसपासच चार्ज करून निघेन.