दोन सवलती, तीन किमती

'चवथीच्या सेलचा बॅनर छापायला देण्यापूर्वी काय तपासावे? मजकूर जास्त वाटतो आणि घोषवाक्य गेल्या वर्षीचेच आहे.'

मी सर्वांत आधी सवलतींचा हिशेब मांडतो. म्हापशातील एका कापड दुकानाच्या बॅनरवर 'सरसकट 40 टक्के सूट' आणि 'दोन घ्या, एक मोफत' हे दोन्ही शेजारीशेजारी होते. हजार रुपयांचे तीन शर्ट घेतले, तर पहिल्या सवलतीने 1800 रुपये होतात, दुसरीने 2000, आणि दोन्ही एकत्र लागू होतात असे समजणारा गिऱ्हाईक 1200 रुपये काढून ठेवतो. म्हणजे 'मोफत' हा मोठ्या अक्षरांतला शब्दच प्रत्यक्षात महाग ठरत होता, आणि वाद काउंटरवरच्या मुलीला झेलावा लागत होता. एकच सवलत ठेवावी. दोन हव्याच असतील, तर कोणती कोणत्या मालावर हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे.

मजकुराच्या गर्दीसाठी ढोबळ माप असे, की दर 10 फूट अंतराला किमान 1 इंच उंचीचे अक्षर लागते. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींमध्ये आणखी जागा सोडावी लागते. 40 फुटांवरून वाचायच्या बॅनरवर 4 इंचांची अक्षरे बसत नसतील, तर अक्षर नव्हे, मजकूर कमी करावा. (बहुधा पत्त्यांची यादीच आधी जाते.)

घोषवाक्यासाठी गेल्या तीन वर्षांच्या फाइली शेजारी ठेवून पाहाव्यात. वाक्यातला 'चवथ' शब्द काढून 'दिवाळी' घातला तरी ते तसेच चालत असेल, तर ते बदलावे.