मदत हवी आहे: वाटणी झाली, पण पाखाडी सामाईक, शुफ्आचा म्हणजे आधी विकत घेण्याचा हक्क उरतो का?

आमचे रत्नागिरीकडील कोकणी मुस्लिम कुटुंब शाफई मताचे आहे. चुलत्यांशी वाटणी होऊन मध्ये चिऱ्याचा गडगा पडला, मात्र विहिरीकडे जाणारी पाखाडी अजून दोघांची आहे. आता चुलते त्यांचा भाग बाहेरच्या माणसाला विकत आहेत आणि त्याच किमतीला तो आधी आम्हाला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या वाचनानुसार शाफई, मालिकी आणि हंबली फकीह हा हक्क फक्त अविभक्त भागीदाराला देतात, कारण ‘हद्दी ठरल्या आणि वाटा वेगळ्या झाल्या की शुफ्आ नाही’ अशी हदीस आहे. हनफी फकीह मात्र आधी भागीदार, मग वाट किंवा पाणी सामाईक असणारा आणि शेवटी लागून असलेला शेजारी, असा क्रम लावतात.

आमची हद्द ठरली, वाट मात्र वेगळी झालेली नाही. अशा वेळी शाफई फकीह काय म्हणतात? नुसत्या शेजाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला, हे मला ठाऊक आहे. सामाईक वाटेबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे. विक्री कळताच मागणी करावी लागते, म्हणून घाई आहे.